विश्लेषण : सहा मिनिटांची चाल आणि दहा सेकंदांचा श्वास फुप्फुसांविषयी काय सांगतात?

छातीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हल्ली दोन चाचण्या जोडीने लिहिलेल्या दिसतात. एक 'सिक्स मिनिट वॉक टेस्ट' आणि दुसरी 'डीएलसीओ'. पहिलीत रुग्णाला रुग्णालयाच्या लांब व्हरांड्यात चालायला लावतात. दुसरीत नाकाला चिमटा लावून एका नळीतून श्वास घ्यायचा आणि दहा सेकंद रोखून धरायचा असतो. दोन्ही चाचण्यांत सुई टोचत नाहीत. सीटी स्कॅनसारखे चित्रही हाती येत नाही. मग रिपोर्टवरचे आकडे पाहून डॉक्टर औषध वाढवायचे की थांबायचे, हे कसे ठरवतात?

कबुतरांचा आजार आणि या चाचण्यांचा संबंध काय?

मुंबईतील कबुतरखाने बंद करण्यावरून २०२५ मध्ये मोठा वाद झाला, तेव्हा 'हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस' हे लांबलचक नाव अनेकांनी पहिल्यांदा ऐकले. कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पिसांवरची बारीक भुकटी वर्षानुवर्षे श्वासावाटे आत जाते. काही जणांच्या शरीरात तिच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती भडकते आणि फुप्फुसातील वायुकोशांच्या भिंती सुजतात. संपर्क तसाच राहिला, तर काहींमध्ये त्या भिंतींवर व्रण पडतात. कापलेली त्वचा भरून येताना जसा कडक व्रण राहतो, तसाच हा. यालाच 'फायब्रोसिस' म्हणतात. कारण दर वेळी कबुतरच असते असे नाही. कूलरमधील बुरशी किंवा कुजके गवतही पुरते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयएलडी इंडिया रजिस्ट्री'त देशभरातील १,०८४ रुग्णांची नोंद होती आणि त्यांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना हाच आजार असल्याचे निदान झाले होते.

दमा आणि हा आजार यांत एक मूलभूत फरक आहे. दम्यात श्वासनलिका आवळतात, म्हणजे हवा आत-बाहेर करणारी वाट अरुंद होते. ती अडचण फुंकण्याच्या चाचणीत, म्हणजे स्पायरोमेट्रीत, सहज दिसते. या आजारात वाट बहुधा मोकळी असते. बिघाड असतो तो वाटेच्या शेवटी, जिथे हवेतला ऑक्सिजन रक्तात उतरतो त्या पातळ पडद्यात. त्यामुळे स्पायरोमेट्रीचे आकडे थोडेच उतरलेले असतात, पण रुग्णाला एक जिना चढताना धाप लागते. ही दरी भरून काढण्यासाठी डीएलसीओ आणि चालण्याची चाचणी लागते.

सहा मिनिटे चालायचे म्हणजे नेमके काय करायचे?

चालवून दम मोजण्याची कल्पना जुनी आहे. आधी निरोगी तरुणांसाठी बारा मिनिटे धावण्याची चाचणी आली. १९७६ मध्ये ती जुनाट ब्राँकायटिसच्या रुग्णांसाठी बारा मिनिटांच्या चालण्यात बदलली. ती रुग्णांना थकवणारी होती. १९८२ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी दोन, सहा आणि बारा मिनिटांच्या चालण्याची तुलना करून दाखवली आणि सहा मिनिटांवर गाडी स्थिरावली. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २००२ मध्ये तिचे नियम ठरवले आणि २०१४ मध्ये युरोपियन संस्थेबरोबर ते सुधारले.

नियम साधे आहेत, पण काटेकोर आहेत. सपाट, रहदारी नसलेला ३० मीटरचा व्हरांडा लागतो. दोन टोकांना शंकूसारख्या खुणा ठेवतात आणि जमिनीवर दर तीन मीटरला पट्टी आखतात. रुग्णाने एका टोकाकडून दुसऱ्याकडे आणि परत असे फेरे घालायचे. सूचना एवढीच की सहा मिनिटांत जास्तीत जास्त अंतर चाला. धावायचे नाही. दम लागला तर हळू चालता येते, भिंतीला टेकून थांबताही येते, मात्र घड्याळ थांबत नाही. दर मिनिटाला तंत्रज्ञ ठरलेले वाक्य ठरलेल्या सुरात बोलतो : "छान चालताय, अजून पाच मिनिटं आहेत." त्यापलीकडे टाळ्या, आग्रह, गप्पा काही नाही. कारण प्रोत्साहन जास्त दिले की अंतर वाढते, आणि पुढच्या खेपेला दुसरा अबोल तंत्रज्ञ असला की तेच अंतर विनाकारण घटते.

चालताना बोटाला पल्स ऑक्सिमीटर असतो. चाल सुरू होण्यापूर्वीचे आणि संपल्यानंतरचे आकडे लिहितातच, पण महत्त्वाचा असतो चालीदरम्यानचा सर्वात खालचा आकडा. अनेकांचा ऑक्सिजन चौथ्या-पाचव्या मिनिटाला खाली जातो आणि थांबताच काही सेकंदांत वर येतो. शेवटी थांबून मग बोटाला यंत्र लावले तर ती घसरण निसटते. चालताना ऑक्सिजन ८० टक्क्यांच्या खाली गेला तर चाचणी थांबवतात. शिवाय धाप किती लागली ते शून्य ते दहाच्या 'बोर्ग' मोजपट्टीवर रुग्णालाच विचारतात. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होणार नाही इतकी.

कोविडच्या लाटेत घरोघरी सहा मिनिटे चालून ऑक्सिजन पाहिला जात होता. त्यामुळे ही चाचणी आपण केलेलीच आहे, असे बऱ्याच जणांना वाटते. तेव्हा प्रश्न एकच होता, तो म्हणजे ऑक्सिजन पडतो की नाही, म्हणजे रुग्णालयात जायचे की नाही. जुनाट आजारात तेवढे पुरत नाही. किती अंतर चाललात, कोणत्या धापेत चाललात आणि ऑक्सिजन कुठवर उतरला, ही तिन्ही उत्तरे एकत्र हवी असतात. बेडरूम ते हॉल अशा फेऱ्यांमध्ये पहिले उत्तर मिळतच नाही.

अंतर कमी आले म्हणजे आजार वाढला का?

लगेच तसे म्हणता येत नाही. समजा रुग्ण ४२० मीटर चालला. ३० मीटरच्या व्हरांड्यात त्याला १४ लांबी लागतात. जागा नाही म्हणून तीच चाचणी १० मीटरच्या बोळात घेतली, तर ४२ लांबी चालाव्या लागतील आणि जवळपास तितक्याच वेळा वेग कमी करून वळावे लागेल. अंतर कमी भरेल, पण फुप्फुस होते तसेच असेल. सवयीचाही भाग आहे. पहिल्यांदा चालताना माणूस जपून चालतो, दुसऱ्यांदा अंदाज आलेला असतो. सीओपीडीच्या रुग्णांत दुसऱ्या खेपेला अंतर सरासरी २६ मीटरने वाढल्याचे दिसले आहे. म्हणून अर्ध्या तासाची विश्रांती देऊन दोनदा चालवावे आणि त्यातले मोठे अंतर धरावे, असा नियम आहे. गर्दीच्या ओपीडीत तो सर्रास मोडला जातो, हे मात्र खरे.

यातून एक अंदाज बांधता येतो. दोन भेटींतला फरक साधारण ३० मीटरपेक्षा कमी असेल, तर त्यातून फारसा अर्थ काढत नाहीत. त्याहून जास्त असेल तर रुग्णालाही तो फरक जाणवतो आणि डॉक्टरही दखल घेतात. तरीही अंतर कशामुळे घटले, हे ही चाचणी सांगू शकत नाही. गुडघे दुखत असतील, हृदय कमकुवत असेल, पायांतली ताकद गेली असेल किंवा कोणी नव्या चपला घालून आले असेल, अंतर सगळ्यांतच घटते. चालणे हे हृदय, फुप्फुस, रक्त, स्नायू आणि मन यांचे एकत्रित काम आहे. दैनंदिन जगण्याशी या चाचणीचे इतके जवळचे नाते आहे ते याचमुळे, आणि तिची मर्यादाही हीच.

बोटावरच्या यंत्राचीही खोड लक्षात घ्यावी लागते. गडद नेलपॉलिश, बोटांवरची काळी मेंदी, थंड पडलेले हात यांमुळे आकडा चुकतो. सावळ्या त्वचेवर ही यंत्रे ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त दाखवू शकतात, हेही अभ्यासांत दिसले आहे. त्यामुळे ८९ आणि ९० मध्ये फार अर्थ शोधू नये. ९१ वरून ८६ वर येणे मात्र वेगळे.

डीएलसीओत विषारी वायू का वापरतात?

दुसऱ्या चाचणीचे नाव ऐकून काही रुग्ण दचकतात, कारण तिच्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्यावर जीव घेणारा तोच हा वायू. चाचणीत त्याचे प्रमाण ०.३ टक्के असते आणि तो जेमतेम एक श्वासापुरता आत घेतला जातो, त्यामुळे धोका नसतो.

हाच वायू का, याचे उत्तर रक्तात आहे. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. वायुकोशाचा पडदा ओलांडून रक्तात उतरला की हिमोग्लोबिन त्याला लगेच गिळून टाकते. रक्तात तो मोकळा साठत नाही, म्हणून उलट दाबही तयार होत नाही. त्यामुळे दहा सेकंदांत किती वायू नाहीसा झाला हे मोजले, की पडदा ओलांडण्याची सोय किती आहे ते कळते. ऑक्सिजन वापरून हे जमत नाही, कारण रक्तात तो आधीपासूनच भरपूर असतो.

ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. ऑक्सिजन फुप्फुसातून रक्तात आपोआप झिरपतो की पेशी तो जोर लावून ढकलतात, यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांत वाद होता. डेन्मार्कमधील मारी क्रोग आणि त्यांचे पती ऑगस्ट क्रोग यांनी तो नुसता झिरपतो, म्हणजे विसरणाने जातो, असे दाखवून दिले. मारी क्रोग या स्वतः डॉक्टर होत्या. त्यांनी १९१५ मध्ये एका श्वासात कार्बन मोनॉक्साइड वापरून माणसाच्या फुप्फुसाची विसरण क्षमता मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आजची यंत्रे त्याच तत्त्वावर चालतात.

चाचणीच्या वेळी रुग्णाने आधी श्वास पूर्ण बाहेर सोडायचा. मग नळीतून मिश्रण एका दमात, छाती गच्च भरेपर्यंत आत ओढायचे. त्यात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हेलियम किंवा मिथेनसारखा रक्तात फारसा न जाणारा वायूही असतो. दहा सेकंद श्वास रोखायचा आणि सहज सोडायचा. बाहेर आलेल्या हवेचा पहिला भाग श्वासनलिकांतला असतो म्हणून तो टाकून देतात आणि वायुकोशांतून आलेला भाग तपासतात. न विरघळणारा वायू किती पातळ झाला यावरून मिश्रण फुप्फुसाच्या किती भागात पोहोचले ते कळते. कार्बन मोनॉक्साइड किती घटला यावरून तो किती वेगाने रक्तात गेला ते कळते. या दोहोंचा गुणाकार म्हणजे डीएलसीओ. रिपोर्टवर हे दोन भाग 'व्हीए' आणि 'केसीओ' या नावांनी वेगळे छापलेले असतात.

दोन प्रयत्न एकमेकांशी जुळायला हवेत आणि दोन प्रयत्नांत किमान चार मिनिटांचे अंतर हवे. पाचपेक्षा जास्त वेळा करत नाहीत, कारण आधीचा कार्बन मोनॉक्साइड रक्तात साचू लागतो आणि निकाल खोटा कमी येतो. सिगारेट ओढून आलेल्या माणसाचेही तसेच होते, कारण त्याच्या रक्तात हा वायू आधीच असतो. ज्यांना खोकल्यामुळे दहा सेकंद श्वास धरता येत नाही त्यांची चाचणी होत नाही. तिथे रिपोर्टवर 'जमली नाही' असे लिहायला हवे, कसाबसा आलेला आकडा नव्हे.

बसल्यावर ऑक्सिजन ९७ आणि चालल्यावर ८८, असे का?

या दोन चाचण्यांचा सांधा या प्रश्नात आहे. फुप्फुसात कोट्यवधी वायुकोश असतात आणि त्यांच्या भिंती एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतात. माणूस बसलेला असताना एखादी लाल रक्तपेशी वायुकोशाभोवतीच्या केशवाहिनीतून जायला साधारण पाऊण सेकंद घेते. निरोगी फुप्फुसात तिच्यात ऑक्सिजन भरायला पाव सेकंद पुरतो. म्हणजे अर्धा सेकंद हाताशी शिल्लक राहतो.

भिंत जाड झाली की भरायला जास्त वेळ लागतो. समजा अर्धा सेकंद लागला, तरी बसल्या जागी पेशी भरूनच बाहेर पडते आणि बोटावर ९७ दिसतात. चालू लागले की हृदय जोरात रक्त ढकलते आणि पेशीला मिळणारा वेळ पाऊण सेकंदावरून पाव सेकंदाच्या आसपास येतो. आता ती अर्धवट भरलेली बाहेर पडते. दवाखान्यात खुर्चीत बसवून घेतलेला आकडा म्हणूनच फसवा असतो. डीएलसीओ बसूनच करायची असली, तरी ती ही शिल्लक किती उरली आहे हे आधीच सांगते. चालण्याची चाचणी ती शिल्लक संपताना दाखवते.

सीओपीडीतील एम्फिसीमात कारण वेगळे असते. तिथे भिंती जाड होत नाहीत, फाटून नाहीशा होतात. हवा आणि रक्त यांच्या भेटीची जागाच कमी होते. डीएलसीओ त्यातही उतरते. सीओपीडी आहे असे समजल्या गेलेल्या, पण प्रत्यक्षात दमा असलेल्या रुग्णात मात्र ती सहसा टिकून असते. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढला तरीही ती घटते. म्हणजे डीएलसीओ कमी आहे एवढ्यावरून आजाराचे नाव कळत नाही. सीटी स्कॅन, रक्ताच्या चाचण्या आणि गरज पडल्यास हृदयाची टूडी एको यांच्याशी ती ताडून पाहावी लागते.

प्रत्यक्षात आकडे कसे वाचले जातात?

एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. ठाण्यातील ४८ वर्षांची गृहिणी, दोन वर्षांपासून कोरडा खोकला, वर्षभरापासून जिना चढताना धाप. एसीच्या बाहेरच्या युनिटवर कबुतरांचे बिऱ्हाड होते आणि दर आठवड्याला ते झाडून काढण्याचे काम तिच्याकडेच होते. सीटी स्कॅनवरून हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचे निदान झाले. तिच्या वयाच्या आणि उंचीच्या बाईची डीएलसीओ सुमारे २० अपेक्षित धरू. हे एकक मिनिटाला, पाऱ्याच्या एक मिलिमीटर दाबाला रक्तात जाणाऱ्या मिलिलिटरचे असते.

पहिल्या भेटीत डीएलसीओ ११ आली. हिमोग्लोबिनचा हिशेब धरून ती अपेक्षित मूल्याच्या ५६ टक्के होती. चालण्यात दोनदा चालवल्यावर मोठे अंतर ३९० मीटर आले आणि ऑक्सिजन ९७ वरून ८९ वर उतरला. एसीचे युनिट जाळीने बंद केले, स्टिरॉइड सुरू झाले. सहा महिन्यांनी डीएलसीओ ६३ टक्के, अंतर ४३२ मीटर, सर्वात कमी ऑक्सिजन ९१. अंतर ४२ मीटरने वाढले, डीएलसीओ सात अंकांनी सुधारली आणि ऑक्सिजनही वर राहिला. तिन्ही आकडे एकाच दिशेला गेले की डॉक्टरांचे काम सोपे होते.

वर्षाने तिसरी भेट. या वेळी यंत्राने डीएलसीओ ९.८ दाखवली, म्हणजे अपेक्षेच्या ४९ टक्के. सहा महिन्यांत १४ अंकांची घसरण. नुसता हा कागद पाहिला असता तर औषध बदलले गेले असते. पण चालताना ऑक्सिजन ९१ च्या खाली गेलेला नव्हता आणि अंतर ४०५ मीटर होते, म्हणजे घट २७ मीटरची, ३० च्या आतली. धाप मात्र जास्त होती आणि नाडी नेहमीपेक्षा वेगाने धावत होती. पडदा इतका बिघडला असता तर चालताना ऑक्सिजन पडायला हवा होता. विसंगती इथे होती.

उत्तर हिमोग्लोबिनमध्ये सापडले. आधी १२.६ असलेले ते ८.६ वर आले होते. रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या अतिरक्तस्रावाबद्दल तिने छातीच्या डॉक्टरांना सांगितलेच नव्हते आणि त्यांनीही विचारले नव्हते. डीएलसीओत कार्बन मोनॉक्साइड गिळायचे काम हिमोग्लोबिन करते. तेच कमी असले की पडदा ठीक असूनही कमी वायू उचलला जातो. यासाठी स्त्रियांकरिता एक दुरुस्ती वापरतात. हिमोग्लोबिनमध्ये ९.३८ मिळवायचे आणि त्या बेरजेला हिमोग्लोबिनच्या १.७ पटीने भागायचे. इथे १७.९८ ला १४.६२ ने भागले की १.२३ येते. ९.८ ला १.२३ ने गुणले की सुमारे १२.१, म्हणजे अपेक्षेच्या ६० टक्के. ६३ वरून ६०, एवढीच घट, जी चाचणीच्या नेहमीच्या हेलकाव्यात बसते. तिला फुप्फुसाचे नवे औषध नव्हे, लोह आणि स्त्रीरोगतज्ज्ञाची भेट हवी होती.

आपल्याकडे स्त्रियांमध्ये रक्तक्षय इतका सामान्य आहे की त्याच दिवशीचे हिमोग्लोबिन न लिहिलेला डीएलसीओचा रिपोर्ट अर्धवटच समजावा. अनेक रिपोर्टांवर ती जागा रिकामी असते.

खरी घसरण कशी ओळखली?

दीड वर्षाने चौथ्या भेटीत हिमोग्लोबिन १२.२ झाले होते. ती ४१८ मीटर चालली, म्हणजे तिसऱ्या खेपेपेक्षा जास्तच. घरच्यांना बरे वाटले. पण चौथ्या मिनिटाला ऑक्सिजन ८६ वर गेला होता. डीएलसीओ १० आली, दुरुस्तीनंतर ५२ टक्के. आता दुरुस्तीने फरक पडत नव्हता आणि या वेळी चालतानाच्या ऑक्सिजनची साक्ष डीएलसीओशी जुळत होती. फुंकण्याच्या चाचणीतला एफव्हीसी मात्र दोनच अंकांनी खाली होता, ७६ वरून ७४ टक्के.

अंतर टिकले आणि ऑक्सिजन पडला, हे जोडून वाचावे लागते. रक्तक्षय गेल्याने पायांना बळ आले होते आणि ती जिद्दीने चालली होती. नुसते मीटर मोजणाऱ्याला यात सुधारणा दिसली असती.

डॉक्टर अशा वेळी एक ठरलेली कसोटी लावतात. २०२२ मध्ये अमेरिका, युरोप, जपान आणि लॅटिन अमेरिकेतील श्वसनरोग संघटनांनी मिळून ती ठरवली. फायब्रोसिस असलेल्या रुग्णात वर्षभरात तीनपैकी दोन गोष्टी घडल्या आणि त्यांना दुसरे कारण सापडले नाही, तर आजार वाढता समजायचा. त्या तीन म्हणजे वाढलेली लक्षणे, चाचण्यांतली घसरण आणि सीटी स्कॅनवर वाढलेला फायब्रोसिस. चाचण्यांतली घसरण म्हणजे एफव्हीसीत अपेक्षित मूल्याच्या किमान ५ अंकांची किंवा हिमोग्लोबिनसाठी दुरुस्त केलेल्या डीएलसीओत किमान १० अंकांची. इथे दुसऱ्या भेटीपासून बारा महिन्यांत ६३ वरून ५२, म्हणजे ११ अंक. एफव्हीसीवर विसंबले असते तर ही घसरण कसोटीत बसलीच नसती. चालण्याचे अंतर या कसोटीत मोजलेले नाही, कारण त्यावर परिणाम करणाऱ्या गोष्टी फार आहेत. तरीही चालताना पडणारा ऑक्सिजन आणि घटणारे अंतर पुढच्या धोक्याचा इशारा देतात, हे फायब्रोसिसच्या रुग्णांवरील अनेक अभ्यासांत दिसले आहे.

दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ताडावेत का?

शक्यतो नाही. टक्केवारी ही 'अपेक्षित' मूल्यावर अवलंबून असते आणि ते मूल्य कोणत्या समीकरणाने काढले यावर निकाल बदलतो. बऱ्याच यंत्रांत युरोपीय वंशाच्या लोकांवरून बनवलेली समीकरणे असतात. त्यामुळे दादरच्या केंद्रातले ५८ टक्के आणि पुण्याच्या केंद्रातले ६४ टक्के यांत सुधारणा कदाचित अजिबात नसेल. केंद्र बदलावेच लागले, तर टक्क्यांऐवजी मूळ आकडा आणि वापरलेले समीकरण पाहणे बरे. चालण्याच्या चाचणीतही व्हरांडा बदलला, ऑक्सिजन सिलिंडर लावून चालवले किंवा सिलिंडर कधी तंत्रज्ञाने तर कधी रुग्णाने ओढला, तर आकडे तुलनेचे राहत नाहीत. रिपोर्टवर या गोष्टी लिहिलेल्या असल्या पाहिजेत.

ठाण्यातील त्या गृहिणीचा सीटी स्कॅन पुन्हा झाला आणि फायब्रोसिस वाढल्याचे दिसले. टूडी एकोत फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलेला नव्हता, म्हणजे ते कारण बाद झाले. संपर्काबद्दल पुन्हा खोदून विचारल्यावर न्हाणीघराच्या खिडकीबाहेरच्या डक्टमध्ये कबुतरे शिरत असल्याचे कळले. एसीला जाळी लावताना त्या बाजूला कोणाचे लक्ष गेले नव्हते. सोसायटीने डक्ट वरून बंद करून घेतला. फायब्रोसिसचा वेग कमी करणारे निन्टेडानिब सुरू झाले. ते झालेला व्रण पुसत नाही. चालताना ऑक्सिजन ८६ वर जात असल्याने, सिलिंडर लावून चालल्यावर अंतर आणि धाप यांत फरक पडतो का, याची वेगळी चाचणी घेतली गेली आणि ती फाइलमध्ये आधीच्या चार चाचण्यांपासून वेगळी लावली गेली. पुढची डीएलसीओ चार महिन्यांनी आहे, त्याच केंद्रात, आणि त्या सकाळचे हिमोग्लोबिन चिठ्ठीवर या वेळी आधीच लिहिले आहे.